मीटर खोटं बोलला, बल्ब खरं बोलला

गेल्या पावसाळ्यात भाचा चिपळूणहून गाडी ढकलतच घरी आला. पार्सल पोचवण्याचं त्याचं काम. गाडी बंद तर रोजी बंद. "मामू, मेकॅनिक म्हणतो कॉइल आणि इग्निशनचा डबा दोन्ही बदला." बॅटरी नवी होती. हॉर्न खणखणीत, सेल्फही फिरत होता. फक्त स्पार्क नव्हता.

या गाडीत बॅटरीचा करंट फ्यूज, चावी आणि किल स्विच ओलांडून कॉइलच्या एका टोकाला जातो. दुसरं टोक इग्निशनच्या डब्याला. हॉर्न आणि सेल्फच्या वायरी मात्र किल स्विचमधून जात नाहीत. म्हणजे ते चालू असले, तरी किल स्विच ठीक आहे असं सिद्ध होत नाही.

आधी कॉइल पाहिली. दोन्ही वायरी काढून प्रायमरीच्या टोकांना मीटर लावला : ३.४ ओहम. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्यावर ०.४ दिसत होते, ते वजा केले, राहिले ३. प्लगची टोपी काढून जाड वायर आणि प्रायमरीचं टोक यांत मोजलं, तेव्हा काही हजार ओहम भरले. टोपीत स्वतःचा रेझिस्टर असतो, म्हणून ती काढायची. आकडे गाडीच्या मॅन्युअलशी जुळले. कॉइल तुटलेली नव्हती. पण गरम झाल्यावर आतलं इन्सुलेशन फुटत असेल, तर ते ओहममध्ये दिसत नाही, हेही खरं.

मग चावी चालू, किल स्विच 'रन'वर, आणि कॉइलकडे येणाऱ्या वायरीवर व्होल्टेज पाहिलं : १२.१. भाचा हिरमुसला. "मग डबाच गेला ना?"

"थांब जरा." इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब त्याच वायरीला आणि इंजिनच्या बॉडीला जोडला. बल्ब काजव्यासारखा मिणमिणला. तोच बल्ब थेट बॅटरीवर लख्ख पेटला. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, म्हणून गंजलेल्या संपर्कातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. बल्ब ओढतो, तेव्हा अडथळा उघडा पडतो. चावीकडून किल स्विचमध्ये येणाऱ्या वायरीवर बल्ब लख्ख, बाहेर जाणाऱ्या वायरीवर मंद. दोष सापडला.

फडकं अंथरून स्विच उघडला, कारण आतली स्प्रिंग उडते. तांब्यावर हिरवा थर होता. बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि बल्ब लख्ख! प्लग इंजिनला टेकवून सेल्फ मारला, तर निळी ठिणगी.

एक लक्षात ठेवा : काही गाड्यांत किल स्विच करंट तोडत नाही, उलट डब्याची वायर बॉडीला जोडून इंजिन बंद करतो. तिथे ही वायर डब्याकडून काढा. स्पार्क परतला, तर दोष स्विचचा किंवा त्याच्या वायरीचा. मात्र गाडी तशी चालवू नका. ती वेळेला बंद होणार नाही.

भाचा दुपारच्या पार्सलांना वेळेत पोचला.