संपादक महोदय, खेळाच्या पानावर आमच्या जिल्ह्यांनाही जागा द्या

मा. संपादक,


तुमच्या दैनिकाचा मी कित्येक वर्षांचा वाचक. हे पत्र तुम्हाला पाठवलंच आहे, पण सातारा-सांगलीच्या मित्रांनीही वाचावं म्हणून इथं टाकतोय.

तक्रार साधी आहे. तुमचं क्रीडापान म्हणजे क्रिकेटचं पान झालंय. सामना असेल तर सामना, नसेल तर संघनिवड, तेही नसेल तर कुणाच्या तरी दुखापतीची बातमी. बाकीचे सगळे खेळ खालच्या कोपऱ्यात 'संक्षिप्त' मध्ये कोंबलेले असतात. क्रिकेटशी माझं वैर नाही. विजय हजारे सांगलीचे, स्मृती मानधनाही सांगलीचीच. त्यांचं कौतुक आहेच. प्रश्न बाकीच्यांचा आहे.

एकच उदाहरण घेतो. ५ ऑगस्ट २०२३ ला साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनमध्ये तिरंदाजीची जागतिक विजेती झाली. वय १७. अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला तिने १४९-१४७ असं हरवलं. आता हा आकडा वाचून सामान्य वाचकाला काय कळतं? काहीच नाही. तो समजावून सांगणं हे तुमचं काम होतं.

कंपाऊंड प्रकारात निशाण ५० मीटरवर असतं. प्रत्येकीला १५ बाण, तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या. एका बाणाला जास्तीत जास्त १० गुण, म्हणजे एकूण १५०. आणि १० गुणांचं वर्तुळ केवढं? आठ सेंटिमीटर रुंद, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. १४९ गुण म्हणजे १५ पैकी १४ बाण त्या वर्तुळात आणि एकच बाण जरासा बाहेर, नऊवर. उपांत्य फेरीतही तिचे १४९ च होते आणि समोर ज्योती सुरेखा वेन्नम होती, आदल्या दिवशी सांघिक सुवर्ण जिंकताना जी तिच्याच संघात होती. एवढं लिहायला सात-आठ ओळी पुरतात. शेवटच्या षटकात किती धावा हव्या होत्या, हे तुम्ही रोज तितक्याच ओळींत लिहिताच की!

दुसरं उदाहरण सांगलीचं. ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धा. संकेत सरगरने ५५ किलो वजनगटात रौप्य मिळवलं. त्याच्या वडिलांच्या पानटपरीबद्दल सगळीकडे भरपूर छापून आलं. पण लढत कशी झाली? वेटलिफ्टिंगमध्ये स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे दोन प्रकार असतात. दोन्हींत तीन-तीन प्रयत्न मिळतात आणि दोन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज धरतात. संकेतने स्नॅचमध्ये ११३ किलो उचलले, मलेशियाच्या अनिकने १०७. म्हणजे आपला पोरगा सहा किलोने पुढं. क्लीन अँड जर्कमध्ये संकेतने १३५ उचलले, पण पुढं कोपर दुखावलं आणि त्याला वजन वाढवता आलं नाही. अनिकने १४२ उचलले. बेरीज २४८ विरुद्ध २४९. एका किलोने सुवर्ण गेलं! सांगलीतल्या किती जणांना ही गोष्ट ठाऊक आहे? एका धावेनं हरलेला सामना मात्र आपल्याला वीस वर्षं आठवतो, कारण तो आपल्याला कुणीतरी नीट सांगितलेला असतो.

तुमची अडचण मला कळते. क्रिकेटचा मजकूर वृत्तसंस्थेकडून फोटोसकट तयार येतो. तालुक्याच्या मैदानी स्पर्धेला माणूस पाठवावा लागतो, तो मिळत नाही. मग काय छापून येतं? चार दिवसांनी सत्काराची बातमी. त्यात मान्यवरांची आठ-दहा नावं असतात, पण मुलीनं किती सेकंदांत शर्यत पूर्ण केली ते नसतं. वाचून नुसतं समजतं की कुणीतरी जिंकलं. ती वेळ राज्य पातळीवर टिकणारी आहे का, हे ना गावाला कळतं, ना मदत करू शकणाऱ्या एखाद्या कारखानदाराला.

म्हणून मागणी छोटी आहे. आठवड्यातून एक दिवस अर्धं पान दोन्ही जिल्ह्यांच्या खेळांना द्या. त्यात वेळ, वजन, अंतर, गुण हे आकडे हवेतच आणि त्यांचा अर्थ सांगणाऱ्या दोन ओळी हव्यात. मोठी स्पर्धा असेल तर आपल्या खेळाडूची लढत कधी आहे ते आदल्या दिवशी छापा. निकालापुरता का होईना, पाठपुरावा करा. नुसत्या पदकाच्या दिवशी नको.

आणि मित्रांनो, आपलंही काम आहे. तुमच्या शाळेत, तालमीत, क्लबमध्ये स्पर्धा झाली की पेपरला व्यासपीठाचा फोटो धाडू नका. खेळाडूचं नाव, गाव, गट आणि आकडा त्याच संध्याकाळी कळवा. मग छापलं नाही, तर जाब विचारायला आपण मोकळे.

कळावे,
तुमचा एक वाचक, सातारा