मावशी ‘कळ’ म्हणाली, डॉक्टरांनी ‘कल’ ऐकलं

सांताक्रूझ पूर्वेला गोळीबारच्या वस्तीत माझी मावशी राहते. बारा वर्षांपासून तिला मधुमेह आहे. मावसभावाच्या कंपनीच्या विम्यात डॉक्टरांचा व्हिडिओ सल्ला मोफत मिळतो, म्हणून त्याने पंधरा मिनिटांची वेळ घेतली. डॉक्टर चेन्नईचे. त्यांना इंग्रजी आणि थोडी हिंदी येते, मावशीला मराठी आणि बाजारापुरती हिंदी. मधे मी.

पहिली सहा मिनिटं ‘हॅलो, आवाज येतोय का’ यातच गेली. नंतर मी रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरत बसले, त्यांना सगळं धूसर दिसत होतं. त्या गडबडीत मावशी म्हणाली, “छाती में कळ आती है.” डॉक्टरांनी विचारलं, “कल आया था?” मावशीने मान हलवली. काल आलीच होती ना कळ! कॉल संपल्यावर चिठ्ठी आली. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं : छातीत दुखणं, एकदाच, काल.

मी तिला विचारलं. “अगं, तीन आठवडे झाले. स्टेशनचा पूल चढले की येते, बसले की थांबते.”

चालताना येणारी आणि बसल्यावर थांबणारी कळ हृदयाची असू शकते. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत तर ती गॅस म्हणून सोडून देता येत नाही. त्याच संध्याकाळी तिला पालिकेच्या रुग्णालयात नेऊन ईसीजी काढला. तो ठीक आला. दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ पुन्हा मिळवली.

मावशी शिकलेली नाही म्हणून हे झालं, असं कुणी म्हणेल. मला ते मान्य नाही. तिने आपलं दुखणं अचूक सांगितलं होतं. मी समाजशास्त्रात एमए केलंय, कार्यकर्ती म्हणून रोज लोकांचे अर्ज भरते, आणि त्या दिवशी मी कागद हलवत होते. दुभाष्याचं लक्ष सुटलं की माणसाचं दुखणंही सुटतं.

दुसऱ्या वेळी कागदाचं आणि आवाजाचं काम आधीच उरकलं. आदल्या रात्री ईसीजी, साखरेचे आणि किडनीचे रिपोर्ट जमिनीवर सपाट ठेवून, सावली पडणार नाही असे फोटो काढले. नाव, तारीख आणि नॉर्मल आकडे छापलेला रकाना, काहीच कापलं जाऊ दिलं नाही. ईसीजीचा गुळगुळीत कागद कालांतराने फिका पडू शकतो, म्हणून त्याचा फोटो मिळाल्या दिवशीच काढावा. सगळ्यांची तारखेप्रमाणे एकच पीडीएफ करून अपलोड केली, आणि ती उघडते का हे स्वतः उघडून पाहिलं.

आवाजाची चाचणी अर्धा तास आधी, त्याच फोनवर, त्याच लिंकवर आणि त्याच जागी बसून केली. तेव्हा एक दोष सापडला : ब्राउझरला कॅमेऱ्याची परवानगी दिली होती, मायक्रोफोनची नव्हती. चित्र दिसतंय म्हणजे आवाजही जातोय, असं धरून चालू नये. पंखा बंद केला. आमच्या डोक्यावरून विमानं जातात, तेव्हा बोलणं थांबवून वाक्य पहिल्यापासून सांगायचं ठरवलं. फोन एकच ठेवला, कारण एका खोलीत दोन फोन जोडले की आवाज घुमतो.

तिसरी तयारी भाषेची. मावशीचे शब्द मी तिच्याकडून उलगडून घेतले. ‘कळ’ म्हणजे नेमकं काय? कुठून कुठे जाते? किती वेळ टिकते? कशाने थांबते? ‘जीव घाबरतो’ याचं हिंदीत ‘घबराहट’ केलं की ऐकणाऱ्याला ती भीती वाटू शकते. मावशीला त्यातून धाप सांगायची होती. हे कागदावर लिहिलं, गोळ्यांची पाकिटं शेजारी ठेवली. आणि ठरवलं : उत्तर मावशी देईल, मी फक्त भाषांतर करेन. शेवटी डॉक्टरांचं म्हणणं माझ्या शब्दांत त्यांनाच परत सांगून ‘बरोबर ना?’ असं विचारेन.

या वेळी डॉक्टरांनी पीडीएफ आधीच पाहिली होती. सगळं ऐकून ते म्हणाले, “दुखत नसताना काढलेला ईसीजी ठीक येऊ शकतो. हे व्हिडिओवर ठरवायचं काम नाही. उद्याच हृदयाच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा, तोवर पूल चढू नका.” बसल्या जागी कळ आली, घाम फुटला किंवा धाप लागली तर कॉलची वाट न पाहता १०८ लावा, असंही त्यांनी बजावलं.

२५ मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर कोणत्याही टप्प्यावर प्रत्यक्ष भेटीला बोलावू शकतात, आणि रुग्णही सल्ला मध्येच थांबवू शकतो. म्हणजे ‘मला समजलं नाही, थांबा’ हे म्हणण्यात उपकार मागणं नाही. पहिल्या दिवशी ते मी म्हणायला हवं होतं.

वस्तीत फोन जोडून देणारे आपण बरेच आहोत. जोडून देऊन उठू नका. चिठ्ठी आली की ती रुग्णाला त्याच्या भाषेत वाचून दाखवा आणि विचारा, ‘तुम्ही हेच सांगितलं होतं का?’ मावशीची चूक तिथेच सापडली. ती मावशीची नव्हती.

जय भीम!