लाल रंगाचा हिशेब: जर्नलच्या समासातली टिपणे

● फेरिक आयन आणि थायोसायनेट एकत्र आले की गडद लाल FeSCN²⁺ तयार होतो. लाल द्रावण निळा प्रकाश शोषतं, म्हणून कलरीमीटरला ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा फिल्टर. लोह क्लोराइडचं नको, नायट्रेटचं घ्यावं, कारण क्लोराइडही लोहाला धरून ठेवतं. नायट्रिक आम्ल हवंच. नाहीतर लोहाचं जलापघटन होतं आणि पिवळट छटा रीडिंगमध्ये मिसळते.

● प्रमाण द्रावण: ०.२०० मोलर फेरिक नायट्रेट ९ मि.लि., ०.००२० मोलर KSCN १ मि.लि. लोह इतकं जास्त की सगळं थायोसायनेट लाल झालं असं धरायचं. म्हणजे FeSCN²⁺ ०.२० मिलिमोलर. शोषण ०.९००.

● नमुना: दोन्ही द्रावणं ०.००२० मोलर, लोह ५ मि.लि., थायोसायनेट ३ मि.लि., आम्लाने एकूण १० मि.लि. सुरुवातीला लोह १.०० आणि थायोसायनेट ०.६० मिलिमोलर. शोषण ०.३२४ आलं, म्हणजे FeSCN²⁺ ०.०७२. उरलं लोह ०.९२८, थायोसायनेट ०.५२८. भागाकार करून मोलरमध्ये नेलं की K = १४७.

● आता ‘धरलं’ ते तपासू. प्रमाण द्रावणात लोह ०.१८ मोलर. ०.१८ × १४७ म्हणजे साधारण २६. लाल झालेले २६ भाग, तर मोकळा राहिलेला एक. म्हणजे जवळजवळ ४ टक्के थायोसायनेट रंगलंच नाही. ही दुरुस्ती केली की नमुन्यातला FeSCN²⁺ ०.०६९ होतो आणि K १४० च्या आसपास येतो. चार टक्क्यांची चूक K मध्ये पाच टक्क्यांची झाली, आणि तीही नेहमी वरच्याच बाजूला.

● उलट दिशेची चूकही असते. प्रमाण द्रावणातल्या एवढ्या लोहाला स्वतःचा थोडा रंग असतो. ब्लँक म्हणून नुसतं पाणी ठेवलं तर ०.९०० मध्ये तो रंगही मोजला जातो आणि K कमी येतो. तेवढंच लोह आणि आम्ल असलेला, थायोसायनेट नसलेला ब्लँक ठेवावा.

● लाल रंग हळूहळू फिका पडतो, कारण फेरिक लोह थायोसायनेटचं ऑक्सिडीकरण करतं. शेवटी पहिल्या नळीचं रीडिंग पुन्हा घ्यावं. उतरलं असेल, तर उशिरा वाचलेल्या नळ्यांचा K कमी का, ते कळतं.

● पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करताना आयनिक तीव्रता बघावी. आयन अगदी विरळ असताना हाच K हजाराच्या घरात असतो. तापमानही लिहावं, अभिक्रिया उष्मादायी असल्याने तापवल्यावर K उतरतो.

● पाच नळ्यांचे K वरखाली विखुरले, तर पिपेटकडे बघा. एकाच दिशेने सरकत गेले, तर गृहीतकाकडे किंवा वेळेकडे. ‘मानवी चूक’ लिहून जर्नल बंद करू नका. चूक K ला कुठे नेते आणि किती, तेवढं लिहा.