बत्तीस शब्दांची वही

आमच्याकडच्या मुलींच्या एका वसतिगृहाची नियमावली मूळ इंग्रजीत, ६१ पानांची. तिचं मराठी पूर्वी तिघांनी पानं वाटून घेऊन केलेलं. प्रत्येकाचं मराठी छानच होतं, पण इंग्रजीत सगळीकडे एकच ‘मेंबर’, तर मराठीत नवव्या कलमात ‘सभासद’ आणि एकतिसाव्यात ‘सदस्य’. आमच्या आक्का वाचून म्हणाल्या, “वर्गणी भरणाऱ्या आम्ही सभासद, आणि सदस्य म्हणजे कमिटीतले होय ना? मग मत त्यांनाच की गं, आम्हाला कुठं?” मुळात मताचा हक्क वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक बाईला होता. तो मराठीत येताना वाटेत सांडला.

नवं भाषांतर माझ्याकडे आलं तेव्हा मी आधी एक ओळही लिहिली नाही. पेन्सिल घेऊन सगळी पानं दोनदा वाचली. ज्या शब्दामुळे कुणाला हक्क मिळतो, कुणावर काम पडतं किंवा पैसा इकडचा तिकडे होतो, तेवढेच शब्द खुणावले. ते भरले बत्तीस. बाकीची भाषा मोकळी ठेवली. प्रत्येक शब्द वहीत घालायला गेलं की वही कुणी उघडतच नाही.

वहीत चार रकाने केले: इंग्रजी शब्द, ठरवलेला मराठी शब्द, पहिल्यांदा आलेलं कलम, आणि नाकारलेले शब्द. हा चौथा रकाना फार कामाचा. ‘मेंबर’साठी ‘सभासद’ घेतला आणि शेजारी ‘सदस्य’ नाकारलेला म्हणून लिहिला. कमिटीवरच्यांना सगळीकडे ‘समिती-सभासद’. कानाला जरा जड वाटतं, पण घोटाळा नको. शाळेत आपल्याला शिकवलेलं, तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका, कंटाळवाणं होतं. निबंधात ते ठीक. नियमावलीत शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं, वस्तूच बदलली.

याच्या उलटंही होतं. ‘इंटरेस्ट’ हा एकच शब्द, पण बाविसाव्या कलमात तो ठेवीवरचं व्याज आणि चाळिसाव्यात विश्वस्ताचा कंत्राटातला हितसंबंध. म्हणजे विश्वस्ताच्या जावयाचं दुकान असेल, तर त्या खरेदीचा निर्णय होताना त्यानं उठून जायचं. अशा शब्दाला वहीत दोन ओळी द्याव्या लागतात, प्रत्येकीपुढे कलम लिहून. एकाला एक असा हट्ट इथं चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ‘शॅल’ आणि ‘मे’ या दोघांनी. कायद्याच्या मराठीत ‘शॅल’साठी ‘बोलावील’, ‘देईल’ अशी रूपं रूढ आहेत. पण ‘सचिव सभा बोलावील’ हे आमच्या बायका कसं वाचणार? बोलावील हो, सवड मिळाली की! म्हणून मी ‘बोलावणे बंधनकारक राहील’ असं ठरवलं, आणि ‘मे’साठी ‘बोलावता येईल’. अनामत परत करणं बंधनकारक आहे की परत करता येईल, यावर एखाद्या मुलीच्या बापाचे पैसे अवलंबून असतात.

भाषांतर झाल्यावर तपासणी संगणकावर केली. नाकारलेला प्रत्येक शब्द शोधायचा. तो एकदाही सापडता कामा नये. सापडला तर मूळ वाक्य बघून दुरुस्त करायचा, डोळे झाकून सगळीकडे एकदम बदलायचा नाही. नाहीतर व्याजाच्या जागी हितसंबंध बसायचे.

पण मराठी शब्द विभक्ती लागली की रूप पालटतो, आणि संगणकाला ते कळत नाही. ‘नेमणूक’ शोधलं तर ‘नेमणुकीचा’ सुटतो, कारण दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला. ‘राजीनामा’ शोधलं तर ‘राजीनाम्यावर’ सुटतो. ‘सभा’ शोधलं तर ‘सभेत’ गायब, आणि ‘सभासद’ मात्र ढिगानं! म्हणून वहीत शब्दाखाली त्याचा न बदलणारा तुकडाही लिहून ठेवला: ‘नेमण’, ‘राजीनाम’, ‘सभ’. नको ती चार जास्त सापडतात, ती डोळ्यांनी गाळायची. मग मुळात जेवढ्या जागी शब्द आहे त्याच्याशी मेळ घालायचा. मराठीत सर्वनामानं काम भागलेलं असतं, म्हणून आकडा थोडा कमी भरतोच. पण मुळात चौदा आणि आपल्याकडे पाच, असं दिसलं की काहीतरी हुकलंय समजायचं.

पहिल्या पानावर एक वाक्य घातलं: अर्थाबद्दल वाद झाल्यास मूळ इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा. वहीनं हा प्रश्न सुटत नाही. आणि बत्तीस शब्दांची यादी मागच्या पानावर छापली, अर्थासकट. ‘गणपूर्ती’पुढे ‘कोरम’ लिहायला आक्कांनीच लावलं. “आम्ही कोरमच म्हणतो,” म्हणाल्या, “ते कशाला लपवायचं?”