मंगळवार दुपारपर्यंत

पहिली नोकरी बदलायला निघालो, तेव्हा मुलाखत कशी द्यायची एवढंच मला ठाऊक होतं. ऑफर हातात आल्यावर कसं वागायचं, ते मामीने शिकवलं. ती चाकणच्या एका कारखान्यात भरतीचं काम बघायची.

हिंजवडीच्या एका कंपनीचं ऑफर लेटर सोमवारी आलं. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं. माझा जीव मात्र बाणेरच्या दुसऱ्या कंपनीत अडकलेला. तिथली शेवटची फेरी झाली होती, निर्णय यायचा होता. शुक्रवारपर्यंत गप्प बसायचं आणि मग आजारपणाचं कारण सांगायचं, असा माझा बेत. मामी म्हणाली, "अरे, मुदत संपताना वेळ मागितलास की आम्ही तो नकारच धरतो. दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला थांबवून ठेवलेलं असतं आम्ही. तो किती थांबेल?"

'थोडा वेळ द्या' याला कंपनी बिचकते ती त्यामुळे. तारीख सांगितली, तर तिला हिशेब करता येतो. आणि ही तारीख बाणेरहूनच मिळणार होती, म्हणून आधी फोन तिथे. हातात ऑफर आहे, शुक्रवारी उत्तर द्यायचंय, तुमच्याकडे काय बाकी आहे, असं मी सरळ विचारलं. फक्त पगाराची मंजुरी राहिली होती. सोमवारपर्यंत होईल म्हणाले. मामीने त्यात दोन दिवस वाढवून बुधवार धरला. "हिंजवडीवाले शुक्रवारच म्हणाले तर काय करशील, ते आधी ठरव," असंही बजावलं. मी सही करायचं ठरवलं आणि मगच हिंजवडीला फोन लावला. पाठोपाठ मेल:

"ऑफरबद्दल आभार. काम मला आवडलं आहे. आणखी एका ठिकाणची प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे. पक्कं उत्तर देता यावं म्हणून पुढच्या बुधवारपर्यंत मुदत मिळावी. रुजू होण्याची तारीख बदलणार नाही."

मी बाणेरच्या कंपनीचं नाव लिहिलं होतं, 'नक्की येईन' असंही. मामीने दोन्ही खोडलं. शेवटचं वाक्य मात्र तिचंच. माझी नोटीस साठ दिवसांची, ती त्या तारखेत बसते का, हे तिने कॅलेंडरवर मोजून बघितलं होतं.

बुधवार नाही, पण मंगळवार दुपारपर्यंतची मुदत मिळाली, तीही लेखी. मंगळवार उजाडला तरी मंजुरी आली नव्हती. पुन्हा मुदत मागू का, असं विचारल्यावर मामी म्हणाली, "दुसऱ्यांदा मागायची नसते." मी हिंजवडीच्या पत्रावर सही केली.

बाणेरला काही न कळवता वाट बघावी, असं मनात होतंच. मामीने फोन माझ्या हातात दिला. "नाव काढून घ्या म्हणून सांग त्यांना. तिथेही कुणीतरी थांबलेलं असेल."