गल्ल्याजवळची वही

लेस्टरमध्ये आमचे किराणा दुकान सुरू होऊन सात महिने झाले, तेव्हा संकेतस्थळ करून घ्यायचे ठरले. त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याएवढी होती. चूक परवडणार नव्हती. ते तयार करणाऱ्यांनी सांगितले, आधी व्यवसाय, ग्राहक आणि अपेक्षा लिहून द्या.

मी एका रात्रीत दीड पान लिहिले. ‘आकर्षक’, ‘आधुनिक’, ‘आपुलकीचे’ अशा विशेषणांनी ते भरले होते. उलट एकच प्रश्न आला : तुमच्याकडून काही न घेता परत जाणारा ग्राहक कोण आणि तो का जातो? माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मग दोन आठवडे गल्ल्याजवळ वही ठेवली आणि प्रत्येक विचारणा जशीच्या तशी टिपली. ज्वारीचे पीठ लोक चार नावांनी मागत होते. आपली माणसे निरोपात jwari लिहीत, गुजराती शेजारी juwar, इतर भारतीय jowar, आणि गहू वर्ज्य असलेल्या एक इंग्रज बाई sorghum. संकेतस्थळावर यांतले एकच नाव असते, तर उरलेल्या तिघांना ‘मिळत नाही’ असे उत्तर गेले असते, आणि पोते माझ्या पाठीशी उभे!

म्हणून नव्या मसुद्यात ‘शोधण्याची चांगली सोय’ असे मोघम लिहिले नाही. ‘या चारांपैकी कोणताही शब्द टंकला तरी हेच पीठ दिसावे,’ असे लिहिले. काम ताब्यात घेताना हे तपासून पाहता येते. ‘आकर्षक’ कसे तपासणार? अशा तीस वस्तूंची नावे सोबत जोडली. ती यादी दुकानदाराशिवाय कोण देणार? त्या बाईंनी याच चक्कीवर गहूही दळतात का, असेही विचारले होते. ॲलर्जीची माहिती खरेदी पुरी होण्याआधी दिसणे इथे कायद्यानेच आवश्यक आहे, म्हणून तिची जागा पिठाच्या नावाखालीच मागितली.

टपालाचा हिशेबही वहीनेच शिकवला. रॉयल मेलच्या लहान पार्सलाची मर्यादा 2 किलो. एक-एक किलोच्या दोन पिशव्या खोक्यासह ती ओलांडतात. तेव्हा प्रत्येक वस्तूचे वेष्टनासह वजन नोंदवले आणि पाच किलोची पिशवी फक्त शहरात पोहोचवू, असे स्पष्ट लिहिले. 14 एप्रिलच्या सामूहिक भोजनाची मागणी मात्र संकेतस्थळावर घ्यायची नाही. तिथे फोन क्रमांक पुरे. पन्नास किलो तांदूळ कोणी न बोलता मागवत नाही.

मसुदा चार पानांचा झाला. पाठवण्यापूर्वी मुलीने शेवटी एक ओळ घातली : डोमेन नाव आईच्या नावावर नोंदवावे. ते मला सुचलेच नव्हते.