‘तुला योग्य वाटेल तसं कर’

वाद रंगात आलेला असतो, दोन्हीकडून भराभर मेसेज येत असतात आणि मध्येच स्क्रीनवर उमटतं: ‘तुला योग्य वाटेल तसं कर.’ वाचणाऱ्यापुढे लगेच दोन रस्ते दिसतात. शब्दशः घेऊन होकार समजायचा, किंवा टोमणा समजून चिडायचं. माझ्या मते दोन्ही चूक. या वाक्याचा अर्थ त्याच्या आधीच्या दोन-तीन मेसेजमध्ये असतो, म्हणून तो वर सरकवूनच वाचावा.

*

ओळखीच्या एका घरातलं संभाषण. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. बहीण पुण्यात, भाऊ आणि आई नाशिकला.

ताई: पुण्यातच करू या. डॉक्टर ओळखीचे आहेत.
भाऊ: तू दिवसभर ऑफिसात असतेस. तिला थेंब कोण घालणार?
ताई: अरे, अर्ध्या तासाचं ऑपरेशन आहे. त्याच दिवशी घरी सोडतात. चांगला डॉक्टर महत्त्वाचा.
भाऊ: ते कळलं मला.
ताई: मग शुक्रवारची वेळ घेऊ ना?
भाऊ: तुला योग्य वाटेल तसं कर.

ताईने प्रश्न विचारला शुक्रवारचा, पण भावाचं उत्तर शुक्रवारचं नाही. त्याने थेंबांचं विचारलं होतं आणि त्यावर डॉक्टरांची महती ऐकायला मिळाली. प्रश्न साधा नव्हता. ऑपरेशन लहान असलं तरी नंतरचे थेंब काही आठवडे चालतात, सुरुवातीला दिवसातून अनेकदा. ‘ते कळलं मला’ इथेच तो मागे सरला होता. शेवटचं वाक्य म्हणजे नुसतं लोटलेलं दार.

*

खरोखर सोपवणारा माणूस सहसा काहीतरी जोडून देतो. ‘तू ठरव, फक्त सोमवार नको, माझं ऑडिट आहे.’ ‘कुठलंही चालेल, पैसे मी पाठवतो.’ अशा वाक्यात माणूस निर्णयाच्या आतच उभा असतो. रुसव्याच्या वाक्यात तो बाहेर पडतो आणि परिणाम तेवढा तुमच्या नावावर ठेवून जातो. ‘तूच’ किंवा ‘आता’ आलं की हे जास्त स्पष्ट होतं: ‘आता तूच ठरव.’

*

एकाच खुणेवर निकाल देऊ नये. २०१६ साली अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला, तर वाचणाऱ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक पडला नाही. पण जे काका प्रत्येक मेसेजला पूर्णविराम देतात, त्यांच्या ‘बरं.’मध्ये राग शोधण्यात अर्थ नाही. एरवीच्या सवयीपेक्षा आज काय बदललं ते बघायचं. नेहमी ‘हो गं’ म्हणणारा आज नुसतं ‘हो’ म्हणाला, किंवा ‘तू’ म्हणणारी बायको एकदम ‘तुम्ही ठरवलंच आहे’ म्हणाली, तर तिथे थांबावं.

*

लिहिणाऱ्याला मात्र वाटत असतं की आपला सूर पोचला. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे तपासलं. लोकांनी काही वाक्यं उपरोधाने, काही गंभीरपणे पाठवली. समोरच्याला आपला सूर सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, असा त्यांचा अंदाज होता. आवाजात तो ७३ टक्के वेळा कळला, ईमेलमध्ये ५६ टक्के, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा थोडंच बरं. ‘एवढंही कळत नाही का?’ हा राग त्यामुळे बऱ्याचदा अन्यायाचा असतो.

*

अशा वेळी ‘म्हणजे काय?’ असं विचारलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. ‘टोमणे मारू नकोस’ म्हटलं की वाद टोमण्यांवर सरकतो आणि आईचे डोळे बाजूला पडतात. ‘ओके, मग घेते शुक्रवारची वेळ’ हे तर सगळ्यात महाग पडतं. महिन्याभराने ‘तुझाच निर्णय होता’ ऐकावं लागतं.

ताईने वर जाऊन वाचलं आणि लिहिलं: ‘थेंबांचं तू विचारलंस, मी उत्तरच दिलं नाही. दिवसा कोण असेल, हाच प्रश्न आहे ना?’ बऱ्याच वेळाने उत्तर आलं: ‘हो. आणि तिला स्वतःला घालता येत नाहीत. हात थरथरतो तिचा.’

हात थरथरतो, हे ताईला माहीतच नव्हतं. त्यानंतर फोनवर ठरलं: ऑपरेशन पुण्यात, पहिले काही दिवस ताईची रजा, दुसऱ्या दिवशीची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की आई नाशिकला.

*

ही रीत सगळीकडे चालत नाही. कधी माणूस बसमध्ये उभा असतो, बॉस समोर असतो, आणि वाक्य फक्त थकव्याचं असतं. ‘रात्री बोलू या का?’ एवढं पुरतं. पण एखाद्या घरात प्रत्येक मतभेद याच वाक्यावर येऊन थांबत असेल आणि नेमकं विचारल्यावरही रोज ‘काही नाही’च मिळत असेल, तर कितीही वर सरकवलं तरी चॅटमध्ये काही सापडणार नाही. तिथे आधी हे बघावं लागतं की त्या घरात सरळ ‘मला हे नको’ म्हणणाऱ्याचं आजवर काय झालं.